१० बाय ८ चा स्लॅब: काँक्रीटचे तीन आकडे आले, खरा कोणता?

अर्धविराम

घरामागे सामानाची एक खोली बांधतोय. भिंती पूर्ण झाल्या, आता स्लॅब. खोली १० फूट बाय ८ फूट, स्लॅबची जाडी साडेचार इंच. किती काँक्रीट लागेल ते आधी काढावं, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, शाळेतलंच गणित.

१० × ८ × ०.४५ = ३६ घनफूट.

मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "तीस." ज्यांच्याकडून वाळू-खडी घेणार आहे ते म्हणाले, "सेहेचाळीस धरा." मापं तिघांचीही तीच. एक लांबी, एक रुंदी, एक जाडी, आणि उत्तरं तीन. कुणाचं धरू?

दुसरी शंका लोखंडाची. मिस्त्री म्हणतात अडीच सुताची जाळी. इंजिनिअरने कागदावर लिहून दिलंय "८ मिमी, १५० मिमी अंतरावर, दोन्ही दिशांनी". शेजारचे काका म्हणतात, कशाला बारीक टाकतोस, चार सुताचे टाक, जन्माचं काम होईल. अडीच सूत आणि ८ मिमी एकच का? आणि जाड बार टाकले तर बिघडतं काय?

शंकासुर

तिघांची सरासरी काढा. ३७.३ येते. कुणीच नाराज होणार नाही.

पक्का_हिशोबी

तुमची चूक सरळ दिसतेय. साडेचार इंच म्हणजे ०.४५ फूट नव्हे. फुटात इंच बारा, दहा नाहीत. ४.५ भागिले १२ करा, ०.३७५ येईल. १० × ८ × ०.३७५ = ३० घनफूट. मिस्त्री बरोबर.

पण मालवालेही बरोबर आहेत. काँक्रीट ओलं असताना आक्रसतं, त्यामुळे कोरडं जास्त लागतं. ३० ला १.५४ ने गुणा, ४६.२. म्हणून तुम्हाला काँक्रीट ४६ घनफूट लागेल. तयार काँक्रीट गाडीने मागवलंत तरी ४६ च सांगा, कमी पडायला नको. आणि बारीक हिशोब करायचा तर त्यातून लोखंडाचं घनफळ वजा करा, तेवढ्या जागेत काँक्रीट जाणारच नाही.

वाटसरू७

स्लॅबच्या बाबतीत माझा अनुभव ऐका. मी गाडी लावायच्या जागेवर ६ मीटर बाय ३ मीटर, १०० मिमी जाडीचं काँक्रीट केलं. हिशोब १.८ घनमीटर, तयार काँक्रीट बरोबर तेवढंच मागवलं. शेवटचा कोपरा तसाच राहिला. ०.३ घनमीटर कमी पडलं. गाडीवाल्याने कमी दिलं असं म्हणून मी बराच भांडलो. नंतर मनाशी हिशोब केला. ०.३ भागिले १८ चौरस मीटर, म्हणजे सरासरी १७ मिमी. खालची माती तेवढी बसकी होती, बस्स. दोरी लावून खोली तपासलीच नव्हती मी. त्यामुळे तुम्ही आधी जमीन धुमस करून नीट सपाट करून घ्या, प्लास्टिकचा कागद अंथरा, मगच ओता.

अर्धविराम

वाटसरू, माझा स्लॅब छपराचा आहे हो, खाली जमीन नाही, सेंट्रिंग आहे. :)

वाटसरू७

अरेच्चा. मी "छोटा स्लॅब" म्हटल्यावर कोबाच समजलो. असो, १७ मिमीची गोष्ट तरी कामाची आहे.

ओळंबा

वाटसरूंची गोष्ट खरंच कामाची आहे, तिच्याकडे परत येते. आधी आकडे सोडवू. बावीस वर्षं साइटवर काढली, हा "तिघांचे तीन आकडे" प्रकार जवळपास प्रत्येक छोट्या कामात होतो.

हिशोबींनी इंचाची चूक बरोबर पकडली. ४.५ इंचाचे ०.४५ फूट करणं ही फुटात काम करणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक. पाच इंचाला तर हमखास ०.५ लिहिलं जातं, तो सहा इंच होतो. मी नवीन मुलांना सांगते, सगळं आधी इंचात घ्या किंवा सगळं मीटरमध्ये घ्या, मग गुणा. मिश्र मापं गुणायची नाहीत.

४६ चं मात्र त्यांनी गल्लत केली. ४६ घनफूट हे काँक्रीट नाहीच. तो कोरड्या सिमेंट, वाळू आणि खडीच्या वेगवेगळ्या ढिगांच्या घनफळांची बेरीज आहे. तांब्याभर खडी घ्या, त्यात वाळू ओता. जवळपास अर्धा तांब्या वाळू आत जाईल आणि तांब्या काठोकाठच राहील. खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट आणि पाणी. दीड तांब्या माल घेतला आणि भरला एकच. १.५४ चा गुणक एवढ्याचसाठी आहे. काँक्रीट ओलं असताना आक्रसतं म्हणून नव्हे.

म्हणून माल सुटा आणून साइटवर कालवणार असाल तर १.५४ ने गुणायचं. तयार काँक्रीट मागवणार असाल तर अजिबात गुणायचं नाही, ते मुळात कालवून, ओलं मोजूनच येतं. हिशोबी म्हणतात तसं ४६ मागवलं तर १६ घनफूट काँक्रीट अंगणात ओतून ठेवावं लागेल.

आता खरा प्रश्न. अर्धविराम, १० बाय ८ हे माप आतून घेतलंय की बाहेरून? भिंत किती इंचाची?

शंकासुर

तांब्याचा प्रयोग करून पाहिला. खडी नव्हती, हरभरे आणि रवा घेतला. अर्ध्या तांब्याला थोडा कमी रवा मावला. घरच्यांनी विचारलं हे काय चाललंय.

अर्धविराम

माप आतून. फरशीसाठी घेतलं होतं तेच वापरलं. भिंत ९ इंची विटांची आहे, चारही बाजूंनी. स्लॅब भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत आणायचा असं ठरलंय.

ओळंबा

मग तिन्ही आकडे चूक. मिस्त्रींचा ३० सुद्धा.

स्लॅब खोलीच्या पोकळीत तरंगत नाही, भिंतींवर टेकतो. दोन्ही बाजूंना ९-९ इंच, म्हणजे प्रत्येक दिशेला दीड फूट वाढला. लांबी साडेअकरा फूट, रुंदी साडेनऊ फूट.

११.५ × ९.५ = १०९.२५ चौरस फूट. गुणिले ०.३७५, म्हणजे जवळजवळ ४१ घनफूट. मीटरमध्ये सांगायचं तर १.१६ घनमीटर.

३० आणि ४१, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक. मोठ्या हॉलच्या स्लॅबला भिंतीवरचा भाग एवढा जाणवत नाही. खोली जितकी लहान, तितका कडेचा वाटा मोठा, आणि नेमकं लहान कामातच लोक आतलं माप घेऊन मोकळे होतात. तुमच्या ३६ मध्ये तर एक चूक वर नेत होती आणि दुसरी खाली, म्हणून तो आकडा इतका वाईट दिसत नाही.

सिमेंटचं सांगते. १ : १.५ : ३ प्रमाण धरलं तर ५० किलोच्या एका पोत्यातून साधारण ४.४ घनफूट ओलं काँक्रीट तयार होतं. ४१ भागिले ४.४, म्हणजे ९.३ पोती. उलट बाजूनेही पडताळा घ्या. ४१ × १.५४ म्हणजे कोरडा माल ६३ घनफूट. प्रमाणाची बेरीज साडेपाच, तेव्हा सिमेंट ११.५, वाळू १७, खडी ३४.५ घनफूट. पोत्याचं घनफळ सव्वा घनफुटाच्या किंचित आत असतं, पोती पुन्हा सव्वानऊ-साडेनऊच्या आसपासच येतात. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मी निश्चिंत होते.

दहा पोती आणा. वाळू २० घनफूट घ्या, कारण ओलसर वाळू फुगलेली असते, ढीग मोठा दिसतो आणि वाळू कमी असते. खडी ३७-३८. ब्रासमध्ये विचारतील तर शंभराने भागा.

पक्का_हिशोबी

तयार काँक्रीटचं माझं चुकलं, मान्य. ओलं मोजून येतं हे लक्षात आलं नाही.

पण स्लॅब पूर्ण ९ इंच भिंतीवर का न्यायचा? साडेचार इंच टेकण पुरते. माझ्या घरी तसंच आहे, बाहेरून अर्धी वीट लावून कड झाकली. तसं केलं तर १०.७५ × ८.७५ × ०.३७५, साधारण ३५ घनफूट. सहा घनफूट वाचले की. आणि लोखंडाच्या वजाबाकीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

ओळंबा

टेकण साडेचार इंचही चालते, चुकीचं म्हणणार नाही. पण बाहेरची अर्धी वीट आणि स्लॅबची कड यांच्या सांध्यातून पुढे पाणी मुरताना मी पाहिलंय, म्हणून एकमजली खोलीला मी पूर्ण भिंतीवर नेते. तुमच्याकडे मुरलं नसेल तर उत्तम. यावर एकमत कधी झालेलं मी पाहिलं नाही. यांचं पूर्ण नेणं ठरलंय, त्यामुळे ४१.

लोखंडाची वजाबाकी फिटरभाऊंनी वजन सांगितलं की करू. ते इथे दिसतायत.

फिटरभाऊ

आलो. मी बार बांधणारा माणूस, गणित ताईंचं.

आधी सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या जरा आत. त्यावरून बोली अशी पडली: दोन सूत ६ मिमी, अडीच सूत ८, तीन सूत १०, चार सूत १२, पाच सूत १६, सहा सूत २०, आठ सूत २५. तंतोतंत जुळत नाही, चार सूत मोजाल तर १२.७ येईल, पण हल्ली कुणी १२.७ चा बार बनवत नाही. म्हणून मिस्त्री अडीच सूत म्हणाले काय आणि कागदावर ८ मिमी लिहिलं काय, बार तोच. लिहून देताना मात्र मिमीच लिहा. "अडीच" फोनवर "तीन" ऐकू येतं, माझ्याच एका कामावर १० चा माल येऊन पडला होता.

कुठे काय लागतं म्हणाल तर लहान स्लॅबला ८, फार तर १०. बीम आणि कॉलमला १२, १६, मोठ्या कामात २० आणि २५. रिंगा ८ च्या, जुन्या कामात ६ च्या दिसतात.

आता तुमची जाळी. दोन बारांमधलं अंतर १५० मिमी, आपण सहा इंच धरू. साडेनऊ फुटी बार साडेअकरा फुटांच्या बाजूवर मांडत जायचे. १३८ इंच, दोन्हीकडचं कव्हर, म्हणजे बाराबाहेर राहणारा काँक्रीटचा थर, सोडून १३६ च्या वर. भागिले सहा, पावणेतेवीस, म्हणजे गाळे २३. गाळे २३ तर बार २४. हा एक बार लोक विसरतात, कुंपणाच्या खांबासारखं आहे, गाळ्यांपेक्षा खांब एक जास्त. दुसऱ्या दिशेला असंच करून २० बार, प्रत्येकी साडेअकरा फूट. कव्हरने लांबी थोडी कमी होते, पण टोकं वळवायला लागतात, म्हणून मी पूर्ण धरतो.

२४ × ९.५ = २२८. २० × ११.५ = २३०. एकूण ४५८ फूट, जवळपास १४० मीटर.

अर्धविराम

आणि वजन? दुकानात किलोवर देतात ना.

फिटरभाऊ

व्यासाचा वर्ग भागिले १६२, एका मीटरचे किलो मिळतात. ८ × ८ = ६४, भागिले १६२, ०.३९५. गुणिले १४०, म्हणजे ५५ किलो.

पण ५५ किलो मागवू नका. बार १२ मीटरचा येतो, ३९ फूट आणि वर थोडा. त्यातून साडेनऊचे चार तुकडे निघतात, उरतो सव्वा-दीड फूट. २४ तुकड्यांना ६ बार. साडेअकराचे मात्र तीनच निघतात, पावणेपाच-पाच फूट उरतो. २० तुकड्यांना ७ बार. एकूण १३ बार, ६१-६२ किलो. नुसती लांबी भागली असती तर तुम्ही १२ बार आणले असते आणि शेवटचे दोन-तीन तुकडे जोड देऊन करावे लागले असते.

ते पाच फुटी तुकडे टाकू नका. भिंतीजवळ वरच्या बाजूला एक्स्ट्रा बार लागतात, तिथे तेच बसतात. इंजिनिअरच्या कागदावर ते आहेत का बघा.

ओळंबा

आता हिशोबींची वजाबाकी. ५५ किलो भागिले ७८५० म्हणजे ०.००७ घनमीटर, पाव घनफूट. ४१ मधून पाव. घमेल्याला चिकटून याहून जास्त जातं. वजा न केलेलं बरं.

वजा करायचंच असेल तर भोक करा. गच्चीवर जायला २ बाय २ चं तोंड ठेवणार असाल तर दीड घनफूट कमी होईल. नसेल तर विषय नाही.

पक्का_हिशोबी

ठीक, पाव घनफुटासाठी भांडत नाही. पण काकांच्या चार सुताचं काय? मलाही वाटतं जाड बार म्हणजे मजबूत. १२ मिमी ३०० वर टाकले तर लोखंड तेवढंच बसतं, बार निम्मे, बांधायची मेहनत निम्मी.

ओळंबा

गणित जवळपास बरोबर आहे तुमचं, म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. ८ मिमी १५० वर, तर स्लॅबच्या एक मीटर पट्ट्यात लोखंडाचा छेद ३३५ चौरस मिमी. १२ मिमी ३०० वर, तर ३७७. उलट थोडं जास्तच.

बिघडतं ते दोन बारांच्या मधल्या जागेत. तिथे तणाव घ्यायला फक्त काँक्रीट असतं आणि काँक्रीट ताण घेत नाही, तडकतं. बार दूर दूर असले की तडे कमी पण रुंद पडतात, आणि रुंद तड्यातून पाणी आत. जवळ जवळ बारीक बार असले की तडे केसाएवढे राहतात. म्हणून मुख्य बारांमधलं अंतर स्लॅबच्या परिणामी खोलीच्या, म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या बाराच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या, तिपटीपेक्षा जास्त ठेवत नाहीत. तुमच्या साडेचार इंची, म्हणजे ११४ मिमीच्या स्लॅबमध्ये खालून २० मिमी कव्हर आणि अर्धा बार सोडला की खोली ९० मिमी उरते. तिप्पट २७०. तीनशे बसतच नाही.

बार किती जाड चालेल त्यालाही एक माप आहे. स्लॅबच्या जाडीच्या आठव्या भागापेक्षा जाड नको. ११४ चा आठवा भाग १४ मिमी. म्हणजे १२ चालतो, १६ नाही. पण १२ चा बार घेऊन १५० वर टाकायचा म्हणाल तर लोखंड सव्वादोन पट, आणि या खोलीला त्याची गरज नाही.

फिटरभाऊ

एक राहिलं. आखूड दिशेचे बार खाली, लांब दिशेचे त्यांच्यावर. पुष्कळ जण उलट बांधतात, वरून दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात. साडेनऊ फुटी बार सेंट्रिंगच्या बाजूला, कव्हर ब्लॉकवर. ताईंनी सांगितलेली ती खोली तिथेच मिळते.

शंकासुर

बारावर ८ लिहिलंय म्हणजे तो ८ चाच असतो का? मी एकदा व्हर्निअर लावला होता, एका जागी साडेआठ आला, दुसऱ्या जागी ७.६.

फिटरभाऊ

कडीवर लावला तर साडेआठ, दोन कड्यांच्या मध्ये लावला तर कमी. पीळदार बाराला व्हर्निअर लावून काही कळत नाही. एक मीटर तुकडा कापा, वजन करा. १६२ ने गुणा, वर्गमूळ काढा. मागे एक तुकडा ३४० ग्रॅम भरला. ०.३४ × १६२ = ५५, वर्गमूळ ७.४. हवं होतं ३९५. चौदा टक्के हलका. ८ मिमीला सात टक्के इकडेतिकडे चालतं, त्यापेक्षा हलका असेल तर परत करा. तो माल मी बांधला नाही, मालक नाराज झाला.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. ४१ घनफूट, दहा पोती, तेरा बार, असं लिहून घेतलं. एक विचारायचं राहिलं. वर हजार लिटरची टाकी ठेवणार आहे, त्यासाठी काँक्रीट थोडं जास्त धरू का?

ओळंबा

थांबा. हे इंजिनिअरला सांगितलंय का?

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. टाकीचा तळ सव्वा मीटरच्या आत असतो, समजा १.१ मीटर व्यास, क्षेत्रफळ ०.९५ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर चौरस मीटरला हजार किलोच्या वर. माणसं वावरतील अशा गच्चीला साधारण दीडशे किलो धरून हिशोब करतात. म्हणजे त्या एका गोलाखाली सातपट. काँक्रीट "थोडं जास्त" धरून यातून सुटका नाही. जाडी, बार, कदाचित खाली बीम, सगळं बदलू शकतं. त्यांना विचारा, मग माल आणा.

पक्का_हिशोबी

माझ्याकडे साडेचार इंची स्लॅबवर टाकी आहे, बरीच वर्षं झाली. काही झालं नाही.

ओळंबा

उभी आहे हे खरं. पण तुमची टाकी स्लॅबच्या मधोमध आहे की भिंतीच्या डोक्यावर, खोली केवढी, बार कोणते, हे कळल्याशिवाय त्यावरून यांना सांगता येणार नाही.

पक्का_हिशोबी

कोपऱ्यात आहे. खाली भिंत येते बहुतेक. बघून सांगतो.

अर्धविराम

इंजिनिअरला विचारलं. ते म्हणाले, कागद टाकीशिवायचा आहे, या स्लॅबवर मधोमध टाकी नको. घराच्या भिंतीलगत वेगळा स्टँड करायचं चाललंय. स्लॅब जसा होता तसाच राहील.

ओळंबा

बरं झालं. आता ओततानाचं एक सांगते, वाटसरूंच्या १७ मिमीकडे परत येते म्हटलं होतं ना. लांबी-रुंदीत इंचभर चूक झाली तर काँक्रीटला फारसं कळत नाही. जाडीत अर्धा इंच चढला तर १०९ चौरस फुटांवर साडेचार घनफूट, म्हणजे एक पोतं. प्लेटा ढिल्या, टेकू बसले, पट्टी मारणाऱ्याने वरची रेषा चढवली, काहीही कारण असो.

८ मिमीचा फूटभर तुकडा घ्या, टोकापासून साडेचार इंचावर टेपने खूण करा. ओतत असताना पाच-सहा ठिकाणी सरळ खाली प्लेटेपर्यंत खुपसा. खूण काँक्रीटच्या पृष्ठभागाशी यायला हवी. बुडाली तर जाडी जास्त, वर राहिली तर कमी. जास्त असेल तर पोतं जातं. कमी असेल तर ते वाईट, तिथे लगेच भर घाला.

अर्धविराम

काल स्लॅब झाला. खुणेची सळई घेऊन मीच उभा होतो, मिस्त्री हसत होते. पाच ठिकाणी पाहिलं: साडेचार, साडेचार, पावणेपाच, पाच, पावणेपाच. मागच्या भिंतीकडे चढत गेला होता. सरासरी ४.७ आली. ०.२ इंच जास्त म्हणजे पावणेदोन घनफूट, जवळपास अर्धं पोतं. हिशोबाचं ९.३ आणि हे अर्धं, दहावं पोतं खरंच संपलं, शेवटचे दोन घमेले खरवडून काढले.

मिस्त्रींच्या तीसवर गेलो असतो तर सात पोती आणली असती. दुपारी बाकीची तीन आणायला कुणाला तरी पाठवावं लागलं असतं, आणि तोवर मागचा भाग घट्ट होऊन मध्ये सांधा राहिला असता.

पक्का_हिशोबी

पाहून आलो. टाकीच्या खाली भिंत आहे, पण अर्ध्याच भागाखाली. उरलेली स्लॅबवर. ओळंबाताई, काळजी करू का?

फिटरभाऊ

अर्धविराम, ते पाच फुटी तुकडे वापरले का वरच्या बाजूला? फोटो टाका असेल तर.

अर्धविराम

वापरले, सहाही. कागदावर होते. फोटो काढायचा राहिला, आता सगळं काँक्रीटखाली आहे.